तेरावा नसलेलं दुःख

घरात कुणी गेलं, की मराठी माणसाला काय करायचं ते शिकवावं लागत नाही. शेजारची बाई न विचारता पिठलं-भात आणून ठेवते. माणसं भेटायला येतात, चपला दाराबाहेर साचतात, कुणी काही बोललं नाही तरी चालतं. दहावा होतो, बारावा होतो, तेराव्याला गोड जेवण होतं. पूर्वी मृत्यूची वार्ता कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडलेला असे, वर ‘श्री’ नसे. पत्र हातात घेताक्षणीच वाचणाऱ्याला कळे, की आता खाली बसून वाचायचं. उत्तरादाखल जे सांत्वनपत्र लिहायचं, त्याचीही ठरलेली वाक्यं होती. ती गुळगुळीत झालेली होती, पण अडलेल्या हाताला तीच पुढे नेत.

आणि सत्तावीस वर्षांचा संसार कोर्टात संपला, तर?

डबा येत नाही. चपला साचत नाहीत. फोन करणारे करतात, पण ते ‘काय झालं ग नक्की?’ विचारायला. बाकीचे करतच नाहीत. त्यात दुष्टपणा नसतो, शब्द नसतात. अभिनंदन करायचं की सांत्वन, हेच कळत नसतं. मग ‘थोडे दिवस जाऊ देत, मग बोलू’ म्हणत महिने जातात आणि नंतर इतका उशीर झालेला असतो, की आता लिहिणंच विचित्र वाटतं.

अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली या प्रकारच्या दुःखावर एक पुस्तक संपादित केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: काही दुःखांना समाज मान्यताच देत नाही. ज्याचं काही हरवलं आहे, त्याला ‘तुला रडायचा हक्क आहे’ असं कुणी म्हणत नाही. त्या दुःखाला विधी नसतो, रजा नसते, भेटायला येणारे नसतात. घटस्फोट हे याचं अगदी नेमकं उदाहरण. दुःखाला मान्यता न मिळाल्याने ते कमी होत नाही. त्याच्यावर एकटेपणाचा आणखी एक थर चढतो, एवढंच.

हे दुःख किती मोठं मानायचं, असं कुणी विचारलं तर एक जुना दाखला आहे. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोघांनी १९६७ साली आयुष्यातल्या उलथापालथींची एक यादी केली आणि माणसाला नव्याने घडी बसवायला किती कष्ट पडतात, त्यानुसार प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू सर्वांत वर, १०० गुण. त्याच्या लगेच खाली घटस्फोट, ७३. कुटुंबातल्या जवळच्या माणसाचा मृत्यू ६३ वर होता. अशा आकड्यांवर फार भार टाकू नये, पण क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. सख्खा भाऊ गेलेल्या मैत्रिणीला जो माणूस त्याच रात्री पत्र लिहील, तोच घटस्फोट झालेल्या मैत्रिणीला सहा महिने काहीच लिहीत नाही.

अशा मैत्रिणीला पत्र कसं लिहायचं, हे एक उदाहरण घेऊन पाहू. नावं आणि प्रसंग कल्पनेतले धरू, पण अशा जोड्या आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. मंदा सांगलीत राहते. निशा तिची डी.एड. कॉलेजातली मैत्रीण. निशाचं लग्न सत्तावीस वर्षांपूर्वी अविनाशशी झालं, सासर मूळचं चिपळूणचं, संसार ठाण्यात. मुलगा बंगळुरूला नोकरीला. दोन वर्षांपूर्वी निशा डोंबिवलीत भाड्याच्या घरात राहायला गेली आणि गेल्या आठवड्यात परस्परसंमतीने घटस्फोट झाला. मंदाला हे तिसऱ्या मैत्रिणीकडून कळलं.

पत्र लिहायला बसण्याआधी मंदाला एक गोष्ट समजून घ्यायला हवी: निशाचं नक्की काय गेलं?

‘नवरा’ हे उत्तर अपुरं आहे. नवरा आहे, ठाण्यातच आहे, धडधाकट आहे. कौटुंबिक दुःखावर आयुष्यभर काम केलेल्या पॉलीन बॉस अशा गमावण्याला ‘संदिग्ध’ म्हणतात, कारण माणूस गेलेलाही असतो आणि असतोही. मेलेल्या माणसाच्या बाबतीत मनाला कधीतरी शेवटचा बिंदू सापडतो. इथे तो सापडत नाही. मुलाच्या लग्नात तो समोर उभा असणार. स्टेशनवर त्याच्यासारखा शर्ट दिसला तरी पाय थबकणार.

शिवाय नवऱ्याबरोबर जे गेलं, त्याची यादी कुठल्याही कोर्टाच्या कागदात नसते. पोटगी, स्त्रीधन, घर, मुलांचा ताबा यांच्यासाठी कायद्यात कलमं आहेत. पण निशाची ऐंशी वर्षांची सासू, जिला शेवटची दोन-तीन वर्षं तीच आंघोळ घालत होती, ती आता तिची कोण? नणंदेच्या मुलीचं बारसं निशाच्या हातून झालं, तिच्या लग्नाची पत्रिका येईल का? चिपळूणच्या घरच्या गणपतीचे उकडीचे मोदक सत्तावीस वर्षं निशाने केले. यंदा चतुर्थीच्या पहाटे पाच वाजता ती डोंबिवलीच्या खोलीत जागी असेल, तेव्हा हातांनी काय करायचं? मुलगा पहिल्यांदा ‘आई’ म्हणाला ती संध्याकाळ आठवणारं जगात दुसरं एकच माणूस होतं, आणि ‘तुला आठवतं का रे’ असं त्याला आता विचारता येत नाही. घरात दोघांनी मिळून घडवलेले शब्द असतात, कुणाला ठेवलेली टोपणनावं असतात. ती भाषा बोलणारी माणसं दोनच होती.

आपल्याकडे ‘काडीमोड’ हा शब्द आहे. पंचांसमोर गवताची काडी मोडून नवरा-बायको वेगळे झाल्याचं जाहीर करण्याच्या चालीतून तो आला. त्या चालीत अन्याय पुष्कळ असेल, पण निदान चार माणसं समोर बसलेली असत आणि काहीतरी मोडलं आहे हे सगळ्यांच्या डोळ्यांना दिसे. आजचा शेवट कोर्टाच्या दालनात काही मिनिटांत उरकतो. बाहेर येऊन निशाने रिक्षा केली असेल आणि घरी जाऊन भांडी घासली असतील.

मंदापुढचा पहिला प्रश्न: पत्र आत्ताच लिहायचं का? बहुतेकांना वाटतं, निकाल लागला तो दुःखाचा दिवस. कायद्याचा क्रम पाहिला तर तसं नसतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली परस्परसंमतीने घटस्फोट मागायचा तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. मग अर्ज, त्यानंतर किमान सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी येऊन ‘आमची संमती कायम आहे’ असं सांगायचं. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं. म्हणजे सहमती असली तरी दीड-दोन वर्षं सहज जातात. वाद असला तर त्याहून कितीतरी जास्त. निशाने घर सोडलं त्या संध्याकाळी तिचं बरंचसं रडून झालं असेल. निकालाच्या दिवशी मन कदाचित नुसतं बधिर असेल आणि खरा हंबरडा पुढच्या दिवाळीत फुटेल. म्हणून ‘बरोबर वेळ’ शोधत बसू नये. कळलं की लिहावं. वर्षाने कळलं तरी लिहावं, आणि उशिराची कारणं देण्यात पत्राचं पहिलं पान घालवू नये.

शिवाय कितीतरी संसार निकालापर्यंत पोचतच नाहीत. २०११ च्या जनगणनेत भारतात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसं साडेतेरा लाखांच्या आसपास होती, आणि घटस्फोट न घेता विभक्त राहणारी त्याच्या जवळजवळ तिप्पट. त्यांच्या आयुष्यात निकालाची तारीख नाहीच. त्यांना पत्र कधी लिहायचं, हे कोर्ट सांगणार नाही.

आता मंदाचा पहिला मसुदा. तिच्या मनात प्रेमच आहे, आणि तरी तो असा उतरला:

‘प्रिय निशा, परवा कळलं आणि मला धक्काच बसला. रात्रभर झोप नाही. पण खरं सांगू का, एका अर्थी बरंच झालं. तो माणूस पहिल्यापासूनच तुझ्या लायकीचा नव्हता, आम्ही सगळ्या तेव्हाही म्हणायचो. तू खंबीर आहेस, यातून नक्की बाहेर येशील. आता मागचं सगळं विसर आणि स्वतःसाठी जग. काही लागलं तर हक्काने सांग.’

यातलं एकही वाक्य दुष्ट नाही. बहुतेक पत्रं अशीच असतात आणि फोनवर तर हेच बोललं जातं. पण हे पत्र निशाच्या हातात पडल्यावर काय होईल, ते पाहू.

सगळ्यांत खोल घाव ‘तुझ्या लायकीचा नव्हता’ या वाक्याचा आहे, जरी ते निशाची बाजू घेऊन लिहिलं असलं तरी. मंदाला म्हणायचं आहे, की तू चांगली आहेस. निशाला ऐकू येतं, की तू सत्तावीस वर्षं एका चुकीत घालवलीस आणि ती चूक आम्हा सगळ्यांना दिसत होती, तुला मात्र दिसली नाही. तिने ज्या माणसावर प्रेम केलं, ज्याच्या आजारपणात रात्री काढल्या, त्याला एका ओळीत टाकाऊ ठरवलं की तिच्या त्या रात्रीही टाकाऊ ठरतात. तिला स्वतःला त्याचा राग आला असेल, तिने त्याला याहून वाईट शब्द वापरले असतील. तो तिचा हक्क. मंदाने तो उचलू नये. आणखी एक गोष्ट अशी, की वेगळी झालेली जोडपी कधीकधी पुन्हा एकत्रही येतात. तेव्हा हे पत्र कपाटात तसंच असतं.

याला कोर्टाचीही एक बाजू आहे, आणि ती फारशी कुणाला माहीत नसते. प्रकरण वादातलं असेल तर पत्रं आणि मोबाइलवरचे संदेश कोर्टापुढे येऊ शकतात. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १४ नुसार पुराव्याच्या नेहमीच्या नियमांत बसो वा न बसो, वाद सोडवायला उपयोगी वाटेल ते कागद किंवा निवेदन हे न्यायालय विचारात घेऊ शकतं. ‘तू म्हणायचीस ना, की तुला तिथे राहायचंच नाही’ असं एखादं सहज लिहिलेलं वाक्य उद्या भलत्याच्या हाती पडू शकतं. सांत्वनपत्रात तपशील नकोत, आरोप नकोत आणि निशाने विश्वासाने सांगितलेलं काही पुन्हा उगाळलेलं नको.

‘बरंच झालं’ हे त्यातल्या त्यात फसवं वाक्य आहे, कारण ते कधीकधी खरंही असतं. छळाचा संसार संपला असेल तर सुटकेचा श्वास खराच असतो. घटस्फोट निशानेच मागितला असेल, तरीही. पण सुटका आणि शोक एकाच घरात राहतात. आजारी आईची वर्षानुवर्षं सेवा केलेल्या मुलीला ती गेल्यावर हायसं वाटतं आणि ती ढसाढसा रडतेही, हे आपल्याला कळतं. इथेही तेच आहे. ‘बरंच झालं’ असं म्हणायचंच असेल तर ते आधी निशाने म्हणावं.

‘रात्रभर झोप नाही’ हे वाक्य प्रेमाचं, पण ते निशाला मंदाची काळजी करायला लावतं. सुझन सिल्क आणि बॅरी गोल्डमन यांनी २०१३ साली लॉस एंजेलिस टाइम्समध्ये यासाठी एक सोपी युक्ती सांगितली होती. कागदावर मध्यभागी दुःखातल्या माणसाचं नाव लिहून त्याभोवती वर्तुळं काढायची: जवळचे आतल्या वर्तुळात, लांबचे बाहेरच्या. आतल्या दिशेला फक्त आधार जाऊ द्यायचा. स्वतःचा धक्का, राग, रडू हे बाहेरच्या वर्तुळातल्या कुणाला तरी सांगायचं. मंदाने आपली झोप उडाल्याचं तिच्या नवऱ्याला किंवा बहिणीला सांगावं. तिलाही कुणीतरी हवंच आहे. फक्त ती निशा नव्हे.

‘खंबीर आहेस’ म्हटलं की कोसळायची सोय राहत नाही. आणि ‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य तर आपण सगळेच लिहितो. त्यात काम निशाच्या माथी पडतं: काय लागतं ते ठरव, मागायचा संकोच गिळ, मग फोन कर. ती करणार नाही.

दुसरा मसुदा लिहायला मंदाला दोन संध्याकाळ लागल्या असं समजू. तो असा:

‘निशा,

मागच्या मंगळवारी कोर्टाचं शेवटचं काम झाल्याचं सुनंदाकडून कळलं. तेव्हापासून तू सारखी डोळ्यांसमोर येतेस.

तुझा सत्तावीस वर्षांचा संसार संपला, याचं मला फार वाईट वाटतंय. का संपला ते मी विचारणार नाही. तुला कधी सांगावंसं वाटलं तर ऐकेन, नाही वाटलं तरी काही बिघडत नाही.

मला तुमच्या चिपळूणच्या घरचा गणपती आठवतो. मी दोन दिवस आले होते, तुझा पिंटू तेव्हा दुसरीत होता. तू पहाटेच उठून नारळ खवत बसली होतीस. तुझ्या सासूबाई मला पारी पातळ कशी करायची ते दाखवत होत्या आणि माझा एकेक मोदक फुटत होता. तू हसून हसून ओट्याला टेकलीस. जेवताना अविनाशभाऊजींनी ते फुटलेले सगळे निमूट आपल्या पानात घेतले. तो दिवस खरा होता ग. पुढे काहीही झालं तरी तो खोटा होत नाही. यंदा चतुर्थीला तू त्या स्वयंपाकघरात नसशील, हे माझ्या मनातून जात नाही.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी मी डोंबिवलीला येतेय. जेवण मी घेऊन येईन, तू काही करायचं नाही. बोललीस तर बोलू, नाहीतर नुसत्या बसू. त्या दिवशी कुणी नको असं वाटलं तर ‘नको’ एवढाच मेसेज टाक, मी नंतर कधीतरी येईन.

तुझी
मंदा’

पत्र लहान आहे, दोन पानंही भरणार नाहीत. त्यात जे आहे ते नीट पाहण्यासारखं आहे. पहिल्या चार ओळींतच ‘संसार संपला’ आणि ‘वाईट वाटतंय’ हे शब्द आले. कुणी गेलं की आपण ‘ऐकून फार वाईट वाटलं’ म्हणतो, तसंच. ‘तुझ्या आयुष्यातल्या या कठीण प्रसंगात’ असं गोल गोल लिहिलेलं नाही. काय गेलं ते नाव घेऊन सांगितलं, म्हणजे ते गेलं आहे हे कुणीतरी मान्य केलं.

मग एक आठवण. पत्रातला हा भाग फक्त मंदाच लिहू शकते, दुसरं कुणी नाही. म्हणून तो सर्वांत मोलाचा. आठवण निवडताना तिने लग्नाचा दिवस किंवा हनिमूनचे फोटो घेतले नाहीत. ते फार जवळून चटका देतात. तिने स्वयंपाकघर निवडलं, सासूबाई निवडल्या. निशाने गमावलेली ती दुसरी बाई पत्रात आली आणि तिच्या जाण्याचंही दुःख करायला जागा झाली. अविनाश त्यात आहे, पण ओझरता. आणि त्याचं संबोधन तेच आहे, ‘भाऊजी’. सत्तावीस वर्षं ज्याला भाऊजी म्हटलं, त्याला एका आठवड्यात ‘तो माणूस’ केलं तर ते एक बाजू घेणं होतं. ‘पूर्वीचे भाऊजी’ तर त्याहून वाईट.

इथे एक सावधगिरी हवी. निशाच्या घरात मारहाण किंवा छळ होता, असं मंदाला माहीत असतं, किंवा नुसता संशय जरी असता, तर अविनाशच्या चांगुलपणाची आठवण या पत्रात शोभली नसती. तेव्हा निशाची एकटीची आठवण घ्यावी: तिने वर्गात शिकवलेला एखादा धडा, तिने आजारपणात मंदाला केलेली सोबत. ‘तो दिवस खरा होता’ हे वाक्यही तेव्हा काढून टाकावं. त्या संसारात गेलेल्या वर्षांचं दुःख मात्र तेव्हाही मान्य करायचं.

शेवटच्या परिच्छेदात एक ठरलेला दिवस आहे, जेवणाची जबाबदारी आहे आणि नाही म्हणायची सोपी वाट आहे. ‘काही लागलं तर सांग’ याच्या जागी हे आलं. निशाला आता काही ठरवावं लागत नाही.

एवढं सगळं सुचेल का, आपलं चुकणार तर नाही, या भीतीनेच बहुतेक पत्रं लिहिली जात नाहीत. जेम्स डंगन, डेव्हिड मुंगिया गोमेझ आणि निकोलस एपली यांचा एक अभ्यास २०२२ साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात आला. संकटातल्या माणसाला आधाराचे दोन शब्द लिहिणाऱ्यांना वाटत होतं त्यापेक्षा ते घेणाऱ्यांना ते कितीतरी बरे वाटले. लिहिणाऱ्याचं लक्ष आपण नेमकं बोलतोय का याकडे होतं. वाचणाऱ्याचं लक्ष त्यातल्या मायेकडे. म्हणून मंदाचा दुसरा मसुदा जमला नाही आणि पहिल्यातली एखादी चूक तशीच राहिली, तरी पत्र टाकावं.

एका पत्राने मात्र भागत नाही. मेलेल्या माणसाचं वर्षश्राद्ध येतं तेव्हा सगळ्यांना आठवतं. घटस्फोटितेच्या वर्षात असे दिवस कितीतरी असतात आणि ते फक्त तिलाच आठवतात. लग्नाचा वाढदिवस. वटपौर्णिमा, जेव्हा सोसायटीतल्या बायका नटून खाली उतरतात. दिवाळीचा पाडवा, जेव्हा घरोघरी नवऱ्याला ओवाळतात. संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू, ज्याचं आमंत्रण द्यायचं की नाही अशा संकोचात शेजारणी ते देतच नाहीत. मंदाने वहीत दोन-तीन तारखा लिहून ठेवाव्यात आणि त्याच्या आदल्या दिवशी तीन ओळी पाठवाव्यात: ‘उद्या पाडवा. तुझी आठवण येतेय. संध्याकाळी सातला फोन करते.’ आणि सांगलीतल्या आपल्या हळदीकुंकवाचं बोलावणं तिला इतरांसारखंच द्यावं. यायचं की नाही ते ती ठरवेल.

मित्र पुरुष असेल तर? त्याच्या वाट्याला तर एवढंही येत नाही. ‘सुटलास लेका, आता पार्टी दे’ हे ऐकून तो हसतोही. पण संध्याकाळी घरी जाऊन दार स्वतःच्या किल्लीने उघडायचं, आत अंधार, आणि मुलं आईकडे. कितीतरी पुरुषांची माणसं बायकोनेच जोडलेली असतात. कुणाचं बारसं, कुणाची साठी हे तिच्याच लक्षात राहतं. ती गेली की ती माणसंही जातात. त्याला पत्र लिहिताना शब्द कमी चालतील, पण ‘तुझं घर मोडलं, वाईट वाटलं’ हे तेवढंच सरळ लिहावं. मग शनिवारी त्याला जेवायला न्यावं आणि विषय त्याने काढला तरच बोलावं.

पत्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. रडणं, राग, एखादा दिवस बरा आणि दुसरा वाईट, हे चालायचंच, वर्षभरही चालेल. पण निशा आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल, शाळेत जाणं थांबलं असेल, वस्तू वाटून टाकत असेल किंवा ‘माझ्यानंतर’ अशी भाषा करत असेल, तर पत्र लिहीत बसू नये. तिच्याकडे जावं, मुलाला कळवावं, डॉक्टरांकडे सोबत न्यावं. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं, आणि आपल्या माणसाच्या काळजीत असलेल्यालाही तिथे सल्ला मिळतो.

राहिलं पाकीट. मराठी बाईच्या नावात मधोमध नवरा बसलेला असतो, त्यामुळे पाकिटावरच पहिली ठेच लागते. ‘सौ. निशा अविनाश’ लिहिलं तर ते उघडायच्या आधीच दुखवेल. ‘श्रीमती’ लिहावं तर आपल्याकडे बरीच वर्षं तो शब्द विधवेसाठी वापरला गेला, आणि निशाच्या पिढीच्या बाईला तो तसाच ऐकू येतो. माहेरचं नाव परत घेतलं का, हे तिने अजून ठरवलंही नसेल; आधार, पासपोर्ट, शाळेची कागदपत्रं यांत ते बदलायचं म्हणजे कामच. म्हणून मुलाला किंवा सुनंदाला विचारावं, आणि तेवढं जमलं नाही तर नुसतं ‘निशा’ लिहून खाली पूर्ण पत्ता द्यावा.

सही करून घ्यावं लागेल असं स्पीड पोस्ट नको. कोर्टाच्या वर्षांत तशी पाकिटं वकिलाच्या नोटिसा घेऊन आलेली असतात आणि ते पाहूनच पोटात गोळा येतो. पोस्टकार्डही नको, ते उघडं असतं, पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कुणीही वाचतं. साधं बंद पाकीट घ्यावं आणि मागच्या बाजूला आपलं नाव ठळक लिहावं, म्हणजे पाकीट मैत्रिणीचं आहे हे तिला दारातच कळेल. वीस ग्रॅमपर्यंतच्या पत्राला पाच रुपयांचं तिकीट पुरतं आणि त्यात लिहिलेले दोन कागद सहज बसतात. हे वाचताना कुणा एकीचं किंवा एकाचं नाव मनात आलं असेल, तर ते पाकीट या आठवड्यात पेटीत टाका.